आमची वाटचाल : वरच्या पट्टीतलं वेळापत्रक

योगवर्ग सुरू केला तेव्हा एकच बॅच होती आणि माणसं अकरा. बदल असला की फोन करायचो. बॅचेस चार झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर महिन्याचं वेळापत्रक टाकू लागलो, तेही रंगीत चित्र करून. दिसायला छान, पण उपयोग कमी. सर्च केलं तर त्यातलं काही सापडत नाही, आणि एक तारीख बदलली तरी अख्खं चित्र नव्याने करावं लागतं.

२०२३ च्या शेवटी ग्रुपमध्ये मेसेज पिन करायची सोय आली, तेव्हा वेळापत्रक साध्या मजकुरात लिहून वर टाचलं. आठवड्याने ते गायब! पिन किती दिवस ठेवायची हे विचारतात, तिथे ७ दिवस आधीच निवडलेलं असतं. ३० दिवस आपण निवडायचं.

खरा घोळ पुढे झाला. गुरुवारचा संध्याकाळचा वर्ग शनिवारी सकाळी नेला आणि तसा वेगळा मेसेज टाकला. पिन केलेला मेसेज जुनाच राहिला, कारण पाठवल्यापासून १५ मिनिटं उलटली की तो दुरुस्त करता येत नाही. गुरुवारी तिघं जण बंद दारापाशी उभे. त्यातल्या एका काकूंनी फोन पुढे केला, "हे बघा, वर तुम्हीच लिहिलंय ना?" काय बोलणार!

तेव्हापासून बदल झाला की पूर्ण वेळापत्रक नव्याने टाकतो, ते पिन करतो आणि जुन्याची पिन काढतो. सुरुवात अशी असते :

```
*नोव्हेंबर – सुधारित २ (ता. ९)*
*बदल:* ~गुरु १४, संध्या. ६~
→ शनि १६, सकाळी ७ (बॅच ३)
```

त्याखाली पूर्ण महिना, आणि त्यातल्या १६ तारखेच्या ओळीपुढेही 'बदल'. लांब मेसेज अर्ध्यावर दुमडला जातो, म्हणून बदल सगळ्यात वर. जुनी वेळ खोडलेली दिसली की आपलीच बॅच हलली हे लगेच कळतं. नुसती नवी वेळ लिहिली तर लोकांना जादा वर्ग वाटतो. आधी लाल ठिपके टाकायचो. पण सुट्टीला ठिपका, फीच्या आठवणीला ठिपका, मग कोण बघतंय? आता खूण म्हणजे 'बदल' हा एकच शब्द. तो सर्चमध्ये सापडतो आणि मेसेज वाचून दाखवणाऱ्या फोनवर ऐकूही येतो. ठळक अक्षरंसुद्धा मथळा आणि 'बदल' यांच्यापुरतीच.

'सुधारित २' हा आकडा स्क्रीनशॉटसाठी. लोक पहिल्याच दिवशी फोटो काढून घरच्यांना पाठवतात, तो आपल्याला थोडाच मागे घेता येतो? कुणी शंका काढली की मी एवढंच विचारतो, "तुमच्याकडे कितवं आहे?"

महिन्याच्या मधे नवीन कुणी आलं की मात्र मेसेज त्यांना वेगळा पाठवतो. ग्रुपमध्ये येण्याआधीची पिन त्यांना दिसेलच, यावर मी विसंबत नाही.