यू-नळीतल्या पाण्याचा लांबलेला दोलनकाल

मी द्रवयांत्रिकीच्या प्रयोगशाळेत काम करतो. नव्याने जोडलेल्या एका यू-नळीतले पाणी गणितापेक्षा फारच सावकाश हेलकावते, अशी तक्रार घेऊन एक सहकारी माझ्याकडे आले. नळीच्या दोन काचेच्या भुजांचा अंतर्व्यास 20 मिमी होता आणि प्रत्येक भुजेत 50 सेमी पाणी होते. खालचा वाक काचेचा नसून 25 सेमी लांबीच्या रबरी नळीचा होता. एका भुजेत हलकी फुंकर मारून पाणी खाली ढकलायचे, मग सोडून द्यायचे आणि पाच हेलकावे मोजायचे, अशी प्रयोगाची पद्धत होती. पाण्याच्या स्तंभाची एकूण लांबी 1.25 मीटर धरली, तर दोलनकाल 1.59 सेकंद यायला हवा होता. घड्याळ मात्र सुमारे 2.12 सेकंद दाखवत होते.

“सर, घर्षणामुळे वेळ लागत असेल,” असे ते म्हणाले. हे उत्तर सहज सुचणारे आहे. पण ते तपासताही येते, म्हणून मी आधी तिकडेच वळलो. अवमंदनामुळे दोलनकाल वाढतो हे खरे. परंतु केवळ वेगाच्या प्रमाणात असलेल्या घर्षणाने 1.59 चे 2.12 व्हायचे असतील, तर ते घर्षण इतके जबरदस्त असावे लागेल की पहिल्याच पूर्ण हेलकाव्यानंतर उंची मूळच्या सुमारे अडीचशेव्या भागावर येईल, म्हणजे डोळ्यांना पाणी थांबलेलेच दिसेल. आमच्यासमोरचे पाणी प्रत्येक हेलकाव्याला साधारण दोन-तृतीयांश उंची राखत होते. घर्षण होतेच, पण या फरकाचा खुलासा त्याने होत नव्हता. वरचे तोंड बंद राहिले असते, तर अडकलेल्या हवेने स्प्रिंगसारखे काम करून दोलनकाल उलट कमी केला असता. त्यामुळे तीही शंका मिटली.

मग आम्ही ऊर्जेचा हिशेब पहिल्यापासून मांडला. प्रवाहाचा वेग क्षणोक्षणी बदलत असल्यामुळे स्थिर प्रवाहाचे बर्नूलीचे समीकरण इथे जसेच्या तसे चालत नाही. पाण्यात साठलेली गतिज ऊर्जा काळानुसार कशी बदलते, तेही हिशेबात घ्यावे लागते. एका भुजेतली पातळी z ने वर गेली की दुसरीतली तेवढीच खाली जाते, म्हणजे z उंचीचा पाण्याचा तुकडा z इतका वर उचलला गेला असे म्हणता येते आणि भुजेचा छेद A आणि पाण्याची घनता ρ धरली, तर स्थितिज ऊर्जा ρgAz² ने वाढते. भुजांमधला वेग v असेल, तर A₁ छेदाच्या भागातला वेग vA/A₁ होतो. म्हणून त्या भागाच्या l₁ लांबीची गतिज ऊर्जा ½ρAv² × (l₁A/A₁) इतकी भरते. घर्षण बाजूला ठेवून दोन्ही ऊर्जांची बेरीज स्थिर धरली, तिचे काळाच्या सापेक्ष विकलन केले आणि v ने भागले, की पुढील समीकरण मिळते:

```
d²z/dt² + (2g/Le) z = 0
Le = Σ l₁ A/A₁
T = 2π √(Le/2g)
```

सगळीकडे छेद सारखा असेल, तर Le म्हणजे स्तंभाची प्रत्यक्ष लांबीच. तिच्या निम्म्या लांबीच्या लंबकाइतका दोलनकाल येतो, हे न्यूटनने 1687 मध्येच दाखवले होते. घनता कुठेच उरत नाही, म्हणून घर्षण सोडले तर पारा भरला तरी हा आकडा बदलत नाही.

आता रबरी नळीचा अंतर्व्यास मोजला. तो 10 मिमी निघाला, म्हणजे छेद भुजेच्या चौथ्या भागाइतका. त्यातून जाताना पाण्याला चौपट वेगाने धावावे लागते. वस्तुमान कमी असले तरी गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. त्यामुळे 25 सेमी नळी हिशेबात 1 मीटरइतकी भरते. Le = 1 + 1 = 2 मीटर आणि T = 2.01 सेकंद. एरवी जोडनळीची लांबी कोणीही मोजतो, पण तिचा व्यास पाहायचे सहसा राहून जाते. माझ्या मते या उपकरणात तोच सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे.

खात्रीसाठी 20 मिमी व्यासाची, तेवढ्याच लांबीची रबरी नळी बसवली. ती भरताना बुडबुडे अडकू नयेत म्हणून नळी चिमटून हवा बाहेर काढली आणि दोन्ही भुजांतल्या पातळ्या पूर्वीइतक्याच ठेवल्या. या वेळी दोलनकाल 1.65 सेकंदांच्या आसपास आला.

दोन्ही वेळा मोजलेला आकडा गणितापेक्षा थोडा जास्तच राहिला: 2.01 ऐवजी 2.12 आणि 1.59 ऐवजी 1.65. हिशेबात संपूर्ण छेदभर एकच वेग धरला होता. प्रत्यक्षात काचेला लागून असलेला पातळ थर मागे रेंगाळतो आणि मधल्या पाण्याला सरासरीपेक्षा जास्त वेगाने जावे लागते. त्यामुळे गतिज ऊर्जा, म्हणजेच परिणामी जडत्व, काहीसे वाढते. नळी जितकी अरुंद, तितका हा थर छेदाचा मोठा वाटा व्यापतो, आणि म्हणूनच 10 मिमीच्या नळीसोबत हा फरक अधिक दिसला.