जांभळ्या शाईचा शब्द

पुन्हा घर बदलायचंय. दुपारी मोबाइलमध्ये मागच्या वेळचा माइंड मॅप सापडला. कागद केव्हाच हरवलाय. उरला तो फोटो, पिवळ्या दिव्याखाली घेतलेला, एका बाजूला माझ्याच डोक्याची सावली. म्हटलं, याची आत सरकवत नेलेली सरळ यादी करून ठेवू. दहा मिनिटांचं काम! दोन तास गेले.

मधोमध 'घर बदलणं', त्यातून चार जाड फांद्या: सामान, कागदपत्रं, पैसे, माणसं. 'चाव्या' हा शब्द 'सामान'च्या अगदी कुशीत, म्हणून तिथेच टाकला. फोटो मोठा केला तर रेघ वळसा घालून 'घरमालक'कडे गेलेली. तिकडे जागा नव्हती, म्हणून शब्द इकडे येऊन बसला होता.

शाळेत नकाशात नद्या भरताना मी उपनद्या घाईघाईत काढायचे. बाई निळ्या रेघेच्या उगमावर बोट ठेवून ते मुख्य नदीपर्यंत न्यायच्या. मध्येच कोरडा कागद लागला की बोट थांबायचं आणि त्या नुसत्या माझ्याकडे बघायच्या. आता मीही शेवटच्या शब्दापासून बोट मधल्या गोलापर्यंत नेत बसले.

रंगांचं दुखणं वेगळंच. साध्या मजकुरात रंग उरत नाही, म्हणून प्रत्येक ओळीपुढे तो शब्दात लिहायचा. निळं म्हणजे मी करायचं, लाल म्हणजे तारखेचं, हिरवं म्हणजे दुसऱ्यावर सोपवलेलं. पण पिवळ्या उजेडात निळा-हिरवा एकच दिसत होता. नशीब, कोपऱ्यात रंगांच्या खुणा लिहिल्या होत्या. त्याही त्याच उजेडातल्या, म्हणून तेवढा तुकडा कापून संशयित शब्दांशेजारी धरून पाहिला. 'अनामत' मात्र नारिंगी. वरचा 'भाडं' हा लाल शब्द शेवटाकडे फिकट होत गेलेला. म्हणजे पेन संपलं होतं, अर्थ बदलला नव्हता.

चाव्यांपासून अनामतीकडे एक तुटक बाणही होता. चाव्या दिल्याशिवाय पैसे परत नाहीत. यादीत एका ओळीला दोन आया देता येत नाहीत, मग नुसता निरोप ठेवला:

```
माणसं
  घरमालक
    चाव्या [लाल] → पाहा: पैसे / अनामत
पैसे
  भाडं [लाल]
  अनामत [लाल; कागदावर नारिंगी]
```

शेवटी मोजलं. फोटोत एकतीस शब्द, यादीत तीस ओळी. मला मोजायची खोड आहे, घरात सगळे हसतात. राहिलेला शब्द सावलीत होता. उजेड वाढवला तेव्हा उमटला: 'आईचं कपाट'. फांदी सामानाची, रेघ स्पष्ट. शाई जांभळी, आणि खुणांमध्ये जांभळा रंगच नाही. माझं नाही, तारखेचं नाही, कुणावर सोपवलेलंही नाही.

पुढे कंसात नुसतं 'जांभळा' लिहिलं. कपाट या घरात आलंच नाही.