नवऱ्याने टाकलेली केस माझ्या गावी आणताना

नवऱ्याने घटस्फोटाची केस त्याच्या शहरात टाकली, तेव्हा मी नाशिकला माहेरी होते आणि मुलगी आठ महिन्यांची होती. अंगावर पिणारं बाळ घेऊन एसटीने एका बाजूचे सहा तास, दर तारखेला. ते होणारच नव्हतं.

दोन्ही शहरं महाराष्ट्रातली, त्यामुळे बदलीचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली झाला. नवरा दुसऱ्या राज्यात असता तर कलम २५ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं असतं. अर्ज करणं आणि नोटीस निघणं पटकन झालं.

अडलं ते नोटीस बजावण्यात. पहिल्यांदा बेलिफाचा शेरा आला, 'घर बंद'. दुसऱ्यांदा, 'सदर इसम मिळून आला नाही'. हाच सदर इसम खालच्या कोर्टात प्रत्येक तारखेला हजर! नोटीस लागल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना, आणि नुसता अर्ज केल्याने खालची केस थांबत नाही हे मला तोवर माहीतच नव्हतं. स्थगिती वेगळी मागावी लागते. आमच्या अर्जात ती मागणी होती, पण समोरच्याला ऐकल्याशिवाय ती मिळाली नाही. तिकडे त्याचे वकील 'एकतर्फी आदेश करा' म्हणून मागे लागलेले. मी तिथे एका वकिलांना वकीलपत्र दिलं होतं म्हणून वाचले. बदलीचा अर्ज प्रलंबित असल्याची पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी माहिती, ते दर तारखेला अर्जाची प्रत जोडून देत. तेवढा खर्च टाळू नका.

चार महिने असे गेले. रात्री मुलीला पाजताना मोबाईलवर केसची पुढची तारीख बघायची आणि रडायचं.

शेवटी आमच्या वकिलांनी हमदस्त नोटिशीची परवानगी घेतली, म्हणजे नोटीस आपण स्वतः पोचवायची. पत्ता त्याच्याच घटस्फोटाच्या अर्जातला घातला, म्हणजे तो चुकीचा आहे असं त्याला म्हणता येईना. खालच्या कोर्टातल्या त्याच्या वकिलांनाही प्रत दिली. स्पीड पोस्टची पावती आणि ट्रॅकिंगचा कागद प्रतिज्ञापत्राला जोडला. पुढच्याच तारखेला तो हजर झाला आणि त्याच दिवशी स्थगिती मिळाली. हे पहिल्या महिन्यातच करायला हवं होतं.

एक राहिलंच. 'येण्याजाण्याचा खर्च देतो' असं तो कोर्टात म्हणाला, आणि एवढ्यावर बदली नाकारली जाऊ शकते. म्हणून अडचण पैशाची नाही, हे कागदांनी दाखवा. मी मुलीचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे कागद लावले होते. मुलीला सांभाळायला घरी दुसरं कोणी नाही, हे त्यातून दिसलं.

बदली मंजूर झाली. आता नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात केसला नवा नंबर पडलाय. घरापासून रिक्षाने वीस मिनिटं.