३८४ दिवसांनी आलेली दिवाळी आणि माझं कव्हर लेटर

नाशिक, धुळे, जळगाव अशा शहरांत दुकानं असलेल्या एका रिटेल कंपनीत फोरकास्टिंग अ‍ॅनालिस्टची जागा निघाली, तेव्हा संख्याशास्त्रातल्या माझ्या एमएस्सीचा निकाल लागून तीन आठवडे झाले होते. अर्जासोबत एक पानी कव्हर लेटर मागितलं होतं. ते मी एका संध्याकाळी लिहून टाकलं. मेहनती आहे, आकड्यांची आवड आहे, पायथन येतं, आर येतं. मधोमध एक वाक्य ठळक केलेलं : 'किराणा मालाच्या विक्रीचा अंदाज मी ९५ टक्के अचूकतेने वर्तवला आहे.'

माझी मावसबहीण पुण्यात डिमांड प्लॅनर आहे. तिला पत्र पाठवलं. रात्री फोन आला. "९५ टक्के, पण कशाच्या तुलनेत? आणि कुठल्या आठवड्यांवर तपासलंस?"

हे काम मी शेवटच्या सत्रात केलं होतं. पंचवटीत माझ्या मामांचं किराण्याचं दुकान आहे. त्यांच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून दोन वर्षांची बिलं काढून मी बेसनाच्या आठवडी विक्रीचं मॉडेल केलं होतं. तपासणीसाठी आठवडे बाजूला काढताना पायथनमधलं `train_test_split` हे तयार फंक्शन वापरलं होतं, आणि ते वेगळं सांगितलं नाही तर ओळी पिसूनच देतं. म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचा अंदाज करताना मॉडेलला दुसरा आठवडा आधीच दिसलेला. ताई म्हणाली, "हे म्हणजे उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पेपर सोडवणं. सप्टेंबरपर्यंतचा डेटा घे, पुढचं झाकून ठेव, मग बघ."

झाकून ठेवलं, आणि ९५ टक्के कुठल्या कुठे गेले. मग मॉडेल बाजूला ठेवून मी सगळ्यात साधा अंदाज घेतला : बरोबर ५२ आठवड्यांपूर्वी जेवढं विकलं, तेवढंच या आठवड्यात विकेल. कुठलंही मॉडेल निदान याला तरी हरवतं का, हे आधी बघायचं असतं. इथे हा साधा अंदाजही तोंडावर आपटला, आणि का आपटला ते शोधताना पत्राचा विषय सापडला.

२०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. मधे अधिक श्रावण आल्यामुळे एका दिवाळीपासून दुसरीपर्यंत ३८४ दिवस गेले, म्हणजे जवळजवळ ५५ आठवडे. लाडू आणि शेवेचं बेसन लोक नेतात ते दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात. ५२ आठवडे मागे बघणाऱ्या अंदाजाने हा उंचवटा १६ ते २२ ऑक्टोबर २०२३ या आठवड्यात आणून ठेवला. त्याच्या मते १४२ किलो विकायला हवं होतं, विकलं ४८. उलट ६ ते १२ नोव्हेंबरला त्याचा अंदाज होता ४५ किलो, आणि खरी विक्री झाली १५४. एवढ्याच मालावर भिस्त ठेवली असती तर ऐन फराळाच्या दिवसांत मामांनी गिऱ्हाईक परत पाठवलं असतं.

त्या चार आठवड्यांत एकूण ३५० किलो बेसन गेलं. दर आठवड्याची चूक, कमी असो वा जास्त, अधिकच धरून बेरीज केली तर २७३ किलो. एकूण विक्रीशी प्रमाण काढलं तर ७८ टक्के. या मापाला कंपन्यांत डब्ल्यूएपीई म्हणतात. मी आधी दर आठवड्याच्या टक्केवारीची सरासरी काढली होती. पण एखाद्या आठवड्यात विक्री दोन-तीन किलोच असली तर ती सरासरी वेडीवाकडी फुगते, आणि विक्री शून्य असली तर भागाकारच होत नाही.

नंतर मी एकच गोष्ट बदलली. तारखेवरून आठवडा जुळवायचा नाही, दिवाळीपासून किती आठवडे आधी हे मोजून जुळवायचा. ६ ते १२ नोव्हेंबर २०२३ ची जोडी लागली १७ ते २३ ऑक्टोबर २०२२ शी. चुकांची बेरीज २७३ वरून ४२ किलोवर आली, म्हणजे १२ टक्के. मशीन लर्निंग काहीच नाही, बोटांवर आठवडे मोजले इतकंच.

मामांना हे सांगायला गेले तेव्हा ते गल्ल्यावर होते. "मग मी काय करतो? नवीन कालनिर्णय आलं की पहिली दिवाळी बघतो." मला हसू आलं, थोडा रागही आला. पण त्याच बोलण्यात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी बिलांत दिसत नव्हती. २०२२ च्या त्या आठवड्यात शुक्रवारी रात्री बेसन संपलं होतं आणि नवीन माल शनिवारी संध्याकाळी आला. माझ्या फाइलमध्ये शनिवारी दिवसभर शून्य दिसत होतं, आणि मी ते मागणी नाही म्हणून वाचलं होतं. मागणी होती, मालच नव्हता. म्हणजे १४२ हा आकडा मुळातच कमी. २०२३ च्या त्या आठवड्यात माझा अंदाज १२ किलोंनी कमी पडला, त्यातला काही भाग त्या शनिवारचा असणार. किती, ते मी काढलं नाही. एकाच शनिवारवरून काढलेला आकडा म्हणजे मनाचे मांडे झाले असते.

पत्र मी पुन्हा लिहिलं. ते इंग्रजीत होतं, मधला परिच्छेद मराठीत साधारण असा :

'एका किराणा दुकानाच्या बेसन विक्रीवर मी काम केलं. मागच्या वर्षीचा तोच आठवडा धरून केलेल्या अंदाजाची चूक दिवाळीआधीच्या चार आठवड्यांत ७८ टक्के होती. दिवाळीपासूनच्या अंतराने आठवडे जुळवल्यावर ती १२ टक्के झाली. हे एकच दुकान, एकच वस्तू आणि एकच सण आहे. मागच्या वर्षी एक दिवस माल संपला होता आणि त्या दिवसाची विक्री मी दुरुस्त केलेली नाही. तुमच्या दुकानांत रोजचा शिल्लक साठा नोंदला जात असेल, तर असे दिवस आधी वेगळे काढण्यापासून मी सुरुवात करेन.'

शेवटची दोन वाक्यं काढून टाक, असं एका मित्राचं म्हणणं पडलं. अर्जात स्वतःचीच उणी बाजू कशाला सांगायची? ताई म्हणाली, ठेव. रोज हेच काम करणारा माणूस १२ टक्के वाचून खूश होणार नाही, आधी संशयच घेईल. त्याच्या डोक्यात येणारा प्रश्न तू आधीच लिहून ठेवलायस. मला ताईचं पटलं. काढून टाकली ती 'मेहनती' आणि 'आवड'. पायथन, आर रिझ्युमेत होतंच, ते पत्रातून गेलं. पत्र पाऊण पानावर आलं.

दहा दिवसांनी मुलाखतीला बोलावलं. समोरच्या बाईंनी पत्राची प्रिंट काढून आणली होती आणि 'एकच सण' या शब्दांखाली पेनने रेघ मारलेली होती.

"संक्रांतीला तिळाचं काय कराल?" त्यांनी विचारलं. "ती तर दर वर्षी १४-१५ जानेवारीलाच येते."

तिथे तारीखच धरायची, दिवाळीसारखे आठवडे मोजायचे नाहीत, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि लगेच श्रावणातल्या साबुदाण्याकडे वळल्या. २०२३ मध्ये श्रावण दोन आले होते, मग उपासाचा साबुदाणा दोन्ही महिन्यांत सारखाच खपला असेल का? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मामांच्या बिलांत बघून सांगते, म्हटलं, आणि घरी जायच्या आधी रिक्षा पंचवटीकडे वळवली.