तुम्ही विचारलंत म्हणून: क्लाउड की हार्ड डिस्क?

“ऑफिसच्या महत्त्वाच्या फाइल्स क्लाउडवर ठेवू की इथल्याच हार्ड डिस्कवर?”

रोजचं काम क्लाउडवर करा, आणि दर आठवड्याला सगळ्याची प्रत एका एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. प्रत झाली की डिस्कची वायर काढून ती कपाटात ठेवा. वायर काढणं बहुतेकांना किरकोळ वाटतं. माझ्या मते सगळी सुरक्षितता तिथेच आहे.

समजा, पाच जणांचं ऑफिस आहे आणि एकाच्या कॉम्प्युटरमध्ये रॅन्समवेअर शिरलं. ते त्याच्या फाइल्स कुलूपबंद करतं, मग शेअर्ड फोल्डरमध्ये जातं, आणि जोडलेली बॅकअप डिस्क दिसली तर तीही सोडत नाही. फाइल्सच्या नावांपुढे अनोळखी एक्स्टेंशन लागलेलं दिसेपर्यंत पुष्कळ काही गेलेलं असतं. क्लाउडचं फोल्डर सिंक होत असेल, तर बिघडलेल्या फाइल्सही इमानेइतबारे वर चढतात. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी प्रत्येकाला बजावतो.

तरीही क्लाउड इथे उपयोगी पडतो, कारण तो फाइलच्या जुन्या आवृत्त्या काही काळ जपतो. पण त्यालाही मुदत असते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल 30 दिवसांनी कायमची जाते. कोणी गेल्या वर्षीच्या करारांचं फोल्डर चुकून उडवलं आणि ते तीन महिन्यांनी लक्षात आलं, तर क्लाउडवर काही हाती लागत नाही. म्हणून डिस्क दोन ठेवा आणि आलटून पालटून वापरा. त्यातल्या एकीवर दर तिमाहीची वेगळी प्रत राहू द्या, त्या प्रतीवर नवं काही लिहू नका.

नुसती डिस्कही पुरत नाही. आग, पाणी, चोरी यांत कॉम्प्युटर आणि कपाट एकदमच जातात. क्लाउडही शेवटी कुठल्यातरी इमारतीतच असतो: मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचा डेटा कायमचा गेला.

खर्चाचं म्हणाल तर क्लाउडला दरमहा माणशी पैसे जातात, डिस्क एकदाच घ्यावी लागते. पण वेळेचाही हिशेब करा. 500 जीबी डेटा 20 एमबीपीएसच्या लाइनवरून चढवायला किंवा उतरवायला सुमारे 55 तास लागतात. चांगल्या यूएसबी डिस्कवरून तोच दीड-दोन तासांत परत येतो. काम बंद पडलेलं असताना हा फरक फार मोठा असतो.

क्लाउडचं मुख्य खातं मात्र कुणा कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलवर नको. ते ऑफिसच्या नावावर असावं, त्याला दोन ॲडमिन असावेत आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असावं.

आणि महिन्यातून एकदा डिस्कवरची कुठलीही एक जुनी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. ‘बॅकअप पूर्ण’ हा संदेश फाइल उघडेल याची खात्री देत नाही.