पत्रिकेवरच्या कार्टूनमधली नथ: माझा अनुभव

सांगलीकडे लग्नसराई आली की पत्रिकेवर नवरा-नवरीचं कार्टून हवंच असतं. या वेळचं जोडपं असं: नवरी नऊवारी पैठणीत, नवरा फेट्यात. चेहरे जुळले, साडीचा रंग जुळला, फेटाही उरकला, पण नथीपाशी काम जे अडलं ते अडलंच. म्हणून इथे नथीबद्दलच जास्त लिहितोय.

तयार कार्टून फिल्टर चेहऱ्याला चालतो, दागिन्याला चालत नाही. तो जवळजवळचे रंग एकत्र करून सपाट पट्टे करतो आणि बारीकसारीक तपशील पुसून टाकतो. नथीत मोती, लाल खडा, हिरवा खडा आणि सोन्याची तार हे सगळं नखाएवढ्या जागेत असतं. फिल्टरमधून निघताना त्याचा ओठावर एक मळकट डाग होतो, नाहीतर सरळ गोल रिंग. मोत्याची नथ गोल नसते, काजूसारखी वळलेली असते. रिंग काढली की मराठी नवरी वाटतच नाही. तेव्हा नथ वेगळ्या लेयरवर हातानेच काढायची.

पण हाताने काढली तरी छापून काळी येते, आणि खरा वैताग तिथे आहे. पत्रिकेवर चेहरा साधारण ४ सेंटिमीटर उंच असतो, नथ फार तर ७ मिलिमीटर. ३०० डीपीआयला ७ मिलिमीटर म्हणजे जेमतेम ८३ पिक्सेल. त्यात एकेक मोती १४ पिक्सेलचा धरा. चेहऱ्याला वापरलेली ४ पिक्सेलची काळी रेघ प्रत्येक मोत्याभोवती फिरवली, तर दोन्ही बाजूंनी मिळून ८ पिक्सेल रेघेतच जातात आणि मोत्याला उरतात ६. स्क्रीनवर मोठं करून बघताना हे जाणवत नाही, छापल्यावर डांबराचा ठिपका दिसतो.

उपाय असा: काळी रेघ फक्त नथीच्या बाहेरच्या कडेला, तीही २ पिक्सेलची आणि काळ्याऐवजी गडद तपकिरी. आतले मोती रेघेने वेगळे करायचे नाहीत. प्रत्येकाच्या खालच्या बाजूला राखाडी-गुलाबी सावली द्यायची, वर एक पांढरा ठिपका. मोत्याचा मूळ रंग शुभ्र नको, किंचित पिवळसर हवा, नाहीतर तो दातासारखा दिसतो. मोत्यांची संख्या कमी केली तर चालते, पण क्रम मोडू नये: फोटोत लाल खडा मध्ये असेल तर तो मध्येच राहिला पाहिजे.

माप कशावरून धरायचं, हा दुसरा घोळ. कार्टूनमध्ये डोळे मोठे होतात आणि नाक लहान होतं. नथ नाकाबरोबर लहान केली की मुरणी होऊन बसते. मी ती ओठांच्या रुंदीशी मोजतो: फोटोत नथ ओठांच्या निम्मी असेल तर कार्टूनमध्येही निम्मी. तार मात्र नाकपुडीच्या कडेलाच अडकलेली दिसली पाहिजे, आणि नथ वरच्या ओठावर थोडी आली तर येऊ द्यावी. ओठ आधी पूर्ण काढून त्यावर नथीची हलकी सावली टाकली की ती चिकटवल्यासारखी दिसत नाही.

हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: फोटो आरशासारखा उलटा नाही ना, ते पहिल्यांदा बघा. सेल्फी पुष्कळदा उलटी सेव्ह होते. नथ नवरीच्या डाव्या नाकपुडीत आणि पदर डाव्या खांद्यावर, म्हणजे आपण बघताना दोन्ही उजवीकडे. दोन्ही उलट दिसले तर आख्खा फोटो फिरवा. एकटी नथ इकडची तिकडे करू नका. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, नाहीतर काठ मोजता येत नाही.

काठाचं काम त्या मानाने सोपं. नारळी काठ आधी सरळ पट्टीवर काढायचा, त्रिकोणांची टोकं साडीच्या अंगाकडे. मग पट्टी निरीनिरीवर वाकवायची. निरी जिथे आत वळते तिथे त्रिकोण अर्धा कापला गेलाच पाहिजे. सगळे त्रिकोण अखंड दिसले तर काठ वरून लेस लावल्यासारखा वाटतो.

गळ्यात ठुशी, खाली कोल्हापुरी साज. कार्टूनमध्ये मान आखूड होते आणि दोन्ही एकमेकांत शिरतात. ठुशी गळ्याला घट्ट ठेवून साज सरळ ब्लाउजवर उतरवला, मध्ये त्वचेची बारीक पट्टी सोडली, की दोन्ही ओळखू येतात. फेट्याचे पदर कपाळावर तिरके जातात. आडव्या समांतर रेघा मारल्या की त्याची टोपी होते. तुरा कोणत्या बाजूला आहे ते मात्र फोटोत बघूनच काढा.

प्रेसला फाइल देण्याआधी खऱ्या मापात एक प्रिंट काढून हातभर लांबून बघा. खडा लाल दिसला आणि मोती सुटे वाटले तर फाइल पाठवा. नाही वाटले, तर अजून दोन मोती कमी करा.