पाउच लाइनचे हरवलेले मिनिट शोधताना

आमच्या पाउच लाइनवर रोजच्या मीटिंगमध्ये एकच तक्रार असायची: चेंजओव्हरला फार वेळ जातो. फिल्मचा रोल बदलणं, साइज बदलणं, कोडिंग मशीनची तारीख लावणं हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं, म्हणून त्यावरच चर्चा व्हायची. लाइनचा ओईई, म्हणजे नियोजित वेळेत होऊ शकणाऱ्या मालापैकी चांगला माल किती टक्के निघाला तो आकडा, काढायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी सुधारणांच्या यादीला हातच लावला नाही. आधी एका शिफ्टचा हिशेब मांडला.

शिफ्ट ४८० मिनिटांची. ठरलेली सुट्टी ३० मिनिटं वजा केली की नियोजित वेळ ४५० मिनिटं. लॉगबुकमध्ये नोंदवलेले थांबे ६० मिनिटांचे, म्हणजे मशीन चालली ३९० मिनिटं. उपलब्धता ८६.७ टक्के. या पाउचसाठी मशीनचा आदर्श वेग मिनिटाला ६०. त्या वेगाने ३९० मिनिटांत २३,४०० पाउच व्हायला हवे होते, झाले १७,५५०. वेगाचा आकडा ७५ टक्के. त्यातले चांगले १७,१९९, म्हणजे गुणवत्ता ९८ टक्के. तिन्हींचा गुणाकार म्हणजे ओईई, ६३.७ टक्के.

टक्केवारीकडे बघून कोणाला फारसं काही वाटलं नाही. मग मी प्रत्येक तोटा मिनिटांत लिहिला: थांब्यांत ६०, खराब पाउचमध्ये जेमतेम ६ आणि वेगात साडेसत्त्याण्णव. ज्या चेंजओव्हरवरून एवढी चर्चा व्हायची, तो ६० मिनिटांमधला एक भाग होता. सगळ्यात मोठा तोटा लॉगबुकात कुठेच नव्हता.

वेगाचा तोटा फोडताना दोन गोष्टी वेगळ्या करायच्या असतात: मशीन मुद्दाम हळू लावलेली आहे का, आणि ती मध्येमध्ये क्षणभर थांबते का. पहिलीचं उत्तर पॅनेलवरच होतं. वेग ५२ वर लावलेला होता. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, साठवर नेलं की सील सुटतं." फक्त या आठच्या फरकात ४५ मिनिटं जात होती. उरलेली साडेबावन्न मिनिटं बारीक थांब्यांची. पाच मिनिटांच्या आतला थांबा लॉगबुकात लिहायचा नाही अशी पद्धत होती, त्यामुळे ते कोणी लिहीत नव्हतं. कंट्रोल पॅनेलच्या इतिहासात मात्र प्रत्येक थांब्याची वेळ होती. ती यादी काढली तर बहुतेक थांबे एकाच कारणाचे निघाले: पुढचा सेन्सर अडला. सीलिंगनंतर पाउच वजनतपासणीच्या पट्ट्यावर जातो. दोन पट्ट्यांमधल्या फटीत तो आडवा पडायचा, मागचे त्यावर चढायचे आणि मशीन थांबायची. ऑपरेटर हाताने सारून पुन्हा चालू करायचा. अर्ध्या मिनिटाच्या कामाची नोंद कोण ठेवणार?

इथे एक वाद झाला. हे बारीक थांबे उपलब्धतेत धरायचे की वेगात? मी म्हटलं, कुठेही धरा, पण रोज तिथेच धरा. ओईई बदलत नाही, कारण शेवटी तो म्हणजे चांगले पाउच भागिले नियोजित वेळेत आदर्श वेगाने होऊ शकणारे पाउच. आपल्या बाबतीत १७,१९९ भागिले २७,०००. खराब पाउचचंही तसंच आहे. मोजणी सीलिंगजवळ न करता वजनतपासणीनंतर केली, तर कचऱ्यात गेलेले पाउच वेगाच्या तोट्यात लपतात. एकूण आकडा तोच राहतो, पण फिटर चुकीच्या ठिकाणी जातो.

आकडा खरोखर हलतो तो नियोजित वेळेला किंवा आदर्श वेगाला हात लावला की. "आपली मशीन तर ५२ वरच चालते, मग आदर्श वेग ५२ धरू," अशी सूचना आलीच. त्याने ओईई ७३.५ टक्के दिसला असता आणि पाउच एकही वाढला नसता. मी ती मान्य केली नाही. मोठ्या साइजच्या पाउचला भरायला वेळ लागतो, तिथे आदर्श वेग वेगळा धरणं रास्त आहे. पण मशीनचा आजार हाच तिचा वेग मानायचा, हे मला पटत नाही.

सील का सुटतं, हे पाहायला फिटरने सीलिंग जबडे उघडले. त्यांच्यावरचं टेफ्लॉनचं कापड जागोजागी जळून चुरगळलं होतं. फिल्मला उष्णता सारखी पोचत नव्हती. हळू चालवलं की जबडा जास्त वेळ दाबून राहतो, म्हणून ५२ वर भागून जायचं. कापड बदललं, दोन्ही जबड्यांचं तापमान वेगळ्या मापकाने तपासलं आणि वेग दोन-दोनने वाढवत प्रत्येक टप्प्यावर पाउच पाण्यात दाबून गळती पाहिली. ५८ वर सील टिकलं. ६० वर एखादा पाउच अजून बुडबुडे सोडायचा, म्हणून तिथे थांबलो. पट्ट्यांच्या फटीवर एक पातळ पत्र्याची पट्टी बसवली.

आता सेन्सर अडल्याचे थांबे पुन्हा दिसतात, पण कारण निराळं आहे: पुढचं खोकी भरायचं टेबल मागे पडतं. त्या थांब्यांना "पुढे जागा नाही" असा वेगळा कोड दिला आहे, म्हणजे त्यांचं खापर पाउच मशीनवर फुटणार नाही. टेबलाचा हिशेब आता वेगळा मांडायला घेतला आहे.